भरलेली मांडणी आणि नवा प्रेस

धंद्याचं वय ओळखताना : भाग 6

मागच्या भागात आपण उद्योगाच्या चार अवस्था पाहिल्या : जन्म, वाढ, परिपक्वता आणि उतार. थिओडोर लेव्हिट यांनी 1965 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये ही मांडणी व्यवस्थापकांच्या हाती दिली. आज प्रश्न त्यापुढचा आहे. धंदा परिपक्व होत आला असेल, तर त्यात आणखी पैसा घालायचा का? त्यासाठी भाईंदर पूर्वेला जाऊ. तिथल्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांमध्ये वर्षानुवर्षं स्टीलची भांडी घडत आली आहेत. पत्र्यातून कापलेली गोल चकती, म्हणजे सर्कल, प्रेसखाली दाबायची, काठ वळवायचे, मग पॉलिशवर घासून चकाकी आणायची. अशाच एखाद्या गाळ्याच्या मालकाला दुसरा प्रेस घ्यावासा वाटतोय, असं समजू.

पहिलं काम म्हणजे अवस्था ओळखणं. इथे बहुतेक जण रुपयातली उलाढाल बघतात आणि फसतात. ही भांडी घाऊक बाजारात किलोवर विकली जातात. भावात पत्र्याची किंमत अधिक घडणावळ असते आणि पत्र्याची किंमत निकेलबरोबर हलते. 8 मार्च 2022 रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि व्यवहारच थांबवावे लागले. अशा काळात विक्री तेवढीच राहूनही वहीतला आकडा फुगतो, किंवा घाऊक व्यापारी भाव उतरायची वाट पाहत थांबले तर कोसळतो. त्यातून धंद्याचं वय कळत नाही. म्हणून निदान पाच-सात वर्षांची विक्री किलोत मांडावी आणि घडणावळ वेगळ्या रकान्यात लिहावी. किलो स्थिर आणि घडणावळ महागाईच्या मागे पडत चाललेली, ही परिपक्वतेची खरी खूण.

असं का होतं, याचं कारण मालाच्या टिकाऊपणात आहे. स्टीलचा वाढीचा काळ म्हणजे पितळेची जागा घेण्याचा काळ. कल्हई नको, चिंचेने घासणं नको, म्हणून घरोघर पितळी भांडी मोडीत गेली आणि मांडणीवर स्टील आलं. आता एक सोपा हिशेब करू. समजा, एका घराने पाच वर्षांत वीस किलो स्टील जमवलं, म्हणजे वर्षाला चार किलो. ती भांडी वीस वर्षं टिकली, तर मांडणी भरल्यावर त्या घराची गरज वर्षाला एक किलो उरते. स्टील कुणालाही नकोसं झालेलं नसतं, तरी मागणी चौथ्या हिश्शावर येते. नवी घरं ही घट थोडी भरून काढतात. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत सुमारे 5.2 लाखांवरून 8 लाखांच्या पुढे गेली आणि त्या प्रत्येक नव्या स्वयंपाकघराला डबे लागलेच. पण वाढीच्या वर्षांत उभे राहिलेले प्रेस चार किलोच्या हिशेबाने उभे असतात. म्हणून परिपक्व धंद्यात पहिली झळ घडणावळीला बसते : रिकामा प्रेस चालता ठेवायला कुणीतरी दर पाडतोच.

आता दुसऱ्या प्रेसचा हिशेब. आकडे उदाहरणापुरते आहेत. वाचकांनी स्वतःचे घालून पाहावेत. गाळ्यात महिन्याला 10 टन माल निघतो. मजुरी, वीज, पॉलिश वजा जाता किलोमागे 12 रुपये सुटतात. नवा प्रेस आणि त्याच्या जोडीची यंत्रं 60 लाखांची. त्यातून आणखी 5 टन. दर टिकला तर महिन्याला 60 हजार जादा मिळतील आणि पैसे वसूल व्हायला 100 महिने, म्हणजे आठ वर्षांहून जास्त लागतील. पण भरलेल्या बाजारात 5 टन जादा माल खपवायला दर उतरवावा लागतो. किलोमागे फक्त 3 रुपये सोडले असं धरा. नव्या 5 टनांवर 45 हजार मिळतील, पण जुन्या 10 टनांवर 30 हजार जातील. हातात उरले 15 हजार आणि वसुलीला 400 महिने, म्हणजे तेहेतीस वर्षं. वाढत्या बाजारात हा जुन्या मालावरचा तोटा जाणवत नाही; परिपक्व बाजारात तोच निकाल ठरवतो.

याउलट पैसा खर्च कमी करण्यात घातला तर? पत्र्यातून चौकोनी रांगांत सर्कल कापली की साडेएकवीस टक्के पत्रा कोपऱ्यांत वाया जातो. भूमितीच तशी आहे. तीच सर्कल दोन रांगांत, एकीच्या खाचेत दुसरी अशी बसवून पट्टीतून कापली, तर वाया जाणारा पत्रा सोळा टक्क्यांवर येतो. 10 टन सर्कलसाठी आधी 12.73 टन पत्रा लागायचा, आता 11.90 टन पुरतो. वाचलेल्या सव्वाआठशे किलोंची भंगारात जी किंमत आली असती ती वजा करून किलोमागे 60 रुपये धरले, तरी महिन्याला 50 हजारांच्या आसपास वाचतात. डाय आणि पट्टी सरकवणारी यंत्रणा 12 लाखांत बसली, तर दोन वर्षांत पैसे परत, तेही बाजारात एक किलोही जादा न ओतता. मर्यादा एवढीच, की तयार सर्कल विकत घेणाऱ्याला हा फायदा मिळत नाही. तो कापणाऱ्याच्या खिशात जातो. मग सर्कल विकत घेणाऱ्याने आपली गळती शोधावी. निकेल कमी असलेल्या स्वस्त पत्र्याचे खोल डबे दाबल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी काठाला तडकतात. अशा नापास मालाचं वजन रोज लिहिलं, तर कुठे पैसा घालायचा ते वहीच सांगेल.

मग ‘स्टीलची भांडी’ हा सगळा वर्गच म्हातारा झाला का? नाही. वय वर्गाचं नव्हे, त्यातल्या एकेका मालाचं बघायचं. साधं ताट आणि डबा परिपक्व आहेत. तीन थरांची ट्रायप्लाय कढई तुलनेने तरुण आहे : आत 304 दर्जाचं स्टील, मध्ये उष्णता पसरवणारं ॲल्युमिनियम, बाहेर इंडक्शनवर चालावं म्हणून चुंबक धरणारं 430. पण ती किलोवर नव्हे, नावावर आणि नगावर विकली जाते. तिच्यासाठी पैसा यंत्रापेक्षा विक्रीत घालावा लागतो. त्या धंद्यात उतरणारा हा जुना धंदा वाढवत नसतो, नवा सुरू करत असतो, आणि हिशेबही नव्या धंद्यासारखाच करावा.

आणखी एक गोष्ट ताळेबंदात हवी. केंद्र सरकारने 14 मार्च 2024 च्या आदेशाने स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं. मानक आहे आयएस 14756. परवाना आणि चाचण्यांचा खर्च माल थोडा असला म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे लहान गाळ्यांना तो जड जातो. काही जण बाहेर पडले, तर उरलेल्यांचा वाटा वाढेल. परिपक्व बाजारात क्षमता वाढवण्याचं एकच पटण्याजोगं कारण असतं : दुसऱ्याची क्षमता बंद होणं. तेव्हाही नवा प्रेस घेण्याआधी बंद होणाऱ्याचा जुना प्रेस आणि त्याची गिऱ्हाइकं मिळतात का, ते पाहावं.

या पद्धतीवर मोठा आक्षेपही आहे. नरीमन ढल्ला आणि सोनिया युस्पे यांनी 1976 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्येच लिहिलं, की विक्री जरा मंदावली की व्यवस्थापक मालाला म्हातारा ठरवतात, त्यावरचा खर्च थांबवतात आणि मग तो खरोखरच मरतो. आक्षेप रास्त आहे. म्हणून एका वर्षाच्या मंदीवर निर्णय घेऊ नये आणि परिपक्व म्हणजे दुर्लक्षित असंही मानू नये.

भाईंदरच्या त्या मालकापुरता निकाल असा : दुसरा प्रेस नको, डाय घ्या, आयएसआयचा परवाना घ्या आणि गाळा स्वतःचा असला तरी त्याचं आजच्या दराने होणारं भाडं दरमहा खर्चात धरा. ते भाडं वजा जाता काहीच उरत नसेल, तर प्रश्न गुंतवणूक वाढवण्याचा नाही, गाळा कशासाठी वापरायचा याचा आहे. त्याबद्दल पुढच्या भागात.