टपालात न पडलेल्या पत्राची कथा

शाळेच्या वार्षिक अंकात एका कथेला साधारण दोन छापील पाने मिळतात, म्हणजे आठशे ते हजार शब्द. लिहून झालेले पण टपालात न पडलेले पत्र हा विषय एवढ्या जागेत बसू शकतो, कारण त्याला माणसे थोडी आणि प्रसंग त्याहून थोडे लागतात. ही कथा फसते ती बहुतेक वेळा एकाच जागी. पत्र का गेले नाही, याचे उत्तर लेखकाने पुरेसे शोधलेले नसते.

पत्र पावसात भिजले, दप्तरात राहून गेले, धाकट्या भावाने त्याची होडी केली, अशी कारणे पटकन सुचतात. ती खरी वाटतात, पण त्यांतून कथा उभी राहत नाही. अपघातात कोणी काही ठरवलेले नसते. पत्र हरवले तर वाचकाला हळहळ वाटते आणि तेवढ्यावर गोष्ट थांबते. पत्र हातात आहे, पेटी समोर आहे आणि तरीही माणूस ते टाकत नाही, तेव्हा त्या माणसाबद्दल काहीतरी कळते.

इतिहासातले एक प्रसिद्ध उदाहरण अब्राहम लिंकनचे आहे. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गची लढाई जनरल मीडच्या फौजेने जिंकली, पण माघार घेणारे शत्रुसैन्य पोटोमॅक नदी ओलांडून निसटले. १४ जुलैला लिंकनने मीडला पत्र लिहिले. हाती आलेली संधी गेली आणि युद्ध आता लांबणार, याचे दुःख त्यात स्पष्ट शब्दांत होते. टीका ऐकून मीडने त्याच दिवशी पद सोडण्याची तयारी दाखवली होती. लिंकनने पत्रावर सही केली नाही, ते पाठवलेही नाही. पाकिटावर मात्र हे पत्र पाठवलेले नाही आणि त्यावर सहीही नाही अशी नोंद करून ते जपून ठेवले. राग खरा होता आणि तो आवरणेही खरे होते. दोन्ही एकाच कागदावर दिसतात म्हणून हा प्रसंग लक्षात राहतो.

दुसरा प्रकार काफ्काच्या पत्रात दिसतो. १९१९ मध्ये त्याने वडिलांना एक प्रदीर्घ पत्र लिहिले. ते वडिलांना देण्यासाठी त्याने आईकडे सोपवले आणि आईने ते त्यालाच परत केले, असे त्याचा मित्र माक्स ब्रोड याने नोंदवले आहे. इथे लिहिणारा एक आणि अडवणारा दुसरा आहे. शाळेच्या अंकातल्या कथेला ही रचना फार उपयोगाची, कारण तिच्यात मुलाला नैसर्गिक जागा मिळते. मोठ्यांमध्ये पत्र जावे की न जावे हे ठरत असते आणि मूल ते पाहत असते.

अशी एक कथा प्रत्यक्ष रचून पाहता येईल. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, साल १९८०. घरात आजी आणि सातवीतली नात. वडील लालबागच्या गिरणीत बदली कामगार आहेत. बदली कामगाराने रोज गिरणीच्या दारात हजर व्हायचे आणि कायम कामगार गैरहजर असेल तरच त्याला त्या दिवसाचे काम मिळायचे. आजीला लिहिता येत नाही. ती सांगते आणि नात आंतरदेशीय पत्रावर उतरवून घेते.

साल ठरवण्यामागे कारण आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा धड चालल्याच नाहीत. कथा १९८३ मध्ये ठेवली तर याच वडिलांकडून जादा पैशांची मनी ऑर्डर येणे खोटे वाटेल. तीन वर्षांच्या फरकाने सगळा पाया हलतो.

आजीचे पत्र साधारण असे असेल:

“चि. शंकर यास अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, यंदा शाकारणीला गडी मिळाला नाही. माजघरात दोन ठिकाणी गळते. खाली टोप ठेवला आहे. मला चार दिवस ताप होता, आता उतरला. गणपतीला ये. पोरगी वाट बघते.”

शेवटचे वाक्य नीट पाहावे. ‘पोरगी’ म्हणजे स्वतः लिहिणारी नात. आजीने सांगितले म्हणून तिने स्वतःबद्दलच परक्यासारखे लिहिले आहे. तिला काय वाटते हे सांगायला लेखकाला वेगळे वाक्य लागत नाही. लिहिताना तिचा हात क्षणभर थांबला, एवढे पुरे.

पत्राचा मजकूर इतकाच आखूड ठेवावा. नवा लेखक इथे एक ठरावीक चूक करतो. वाचकाला पूर्वकथा कळावी म्हणून तो पत्रात अशा गोष्टी घालतो ज्या पत्र घेणाऱ्याला आधीच माहीत आहेत. “तुम्ही सहा वर्षांपूर्वी मुंबईला गेलात आणि गिरणीत कामाला लागलात” असे कोणी आपल्या माणसाला लिहीत नाही. प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारावा: हे शंकरला ठाऊक नव्हते का? ठाऊक असेल तर ते वाक्य पत्रातून काढून निवेदनात घालावे, तिथेही लागत नसेल तर सोडून द्यावे. मायना आणि शेवट मात्र गाळू नयेत. आजी मुलाला ‘चि.’ आणि आशीर्वाद लिहिणार, मुलगा आईला ‘तीर्थरूप’ आणि शिरसाष्टांग नमस्कार लिहिणार. नाते सांगायला हे दोन शब्द पुरतात. पत्त्याच्या शेवटी ‘मुंबई ४०० ०१२’ आले की भाग कळतो. पिनकोडची पद्धत १९७२ मध्ये सुरू झाली, त्यामुळे १९८० च्या पत्रावर तो शोभतो. आजीच्या तोंडी मात्र जुने ‘मुंबई बारा’ राहू द्यावे.

आता पत्र अडण्याचा प्रसंग. दोन दिवसांनी पोस्टमन येतो तो वडिलांची मनी ऑर्डर घेऊन. मनी ऑर्डरच्या फॉर्मला खाली एक लहान कुपन असे आणि पाठवणाऱ्याला त्यावर चार ओळी लिहिता येत. आजच्या मुलांनी ते पाहिलेले नाही, म्हणून नातीने कुपन मोठ्याने वाचावे आणि ते काय असते हे वाचण्यातूनच कळावे. कुपनवर लिहिलेले असते: “गणपतीला कायमवाले गावी जातात, तेव्हा पंधरा दिवस रोज काम मिळेल. म्हणून येत नाही. जास्तीचे पैसे पोरीच्या पुस्तकांना.”

कथेची गाठ या ओळीत आहे. बाकीचे चाकरमानी गावी येतात त्याच दिवसांत बदली कामगाराला भरपूर काम मिळते. वडील येत नाहीत यात त्यांचा दोष नाही आणि ते न येण्याचे कारणही त्याच घराशी, त्याच मुलीशी बांधलेले आहे. आजी फॉर्मवर अंगठा उठवते. पोस्टमन नोटा मोजून देतो आणि निघताना विचारतो, “काही टाकायचंय का?” निळे पत्र चिकटवून तयार आहे, आजीच्या हाताखालीच आहे. आजी म्हणते, “नाही.”

इथे आजीच्या मनातला विचार लिहू नये. वाचकाने पत्र ऐकले आहे, कुपन ऐकले आहे. हे पत्र गेले तर मुलगा काम सोडून येईल किंवा काम करत झुरत राहील, हे त्याला आपोआप समजते. लेखकाने ते उलगडून सांगितले तर वाचकाच्या वाट्याला काही उरत नाही. नात आजीकडे पाहते, पोस्टमन पायऱ्या उतरतो, एवढीच नोंद पुरेशी आहे.

बरेच लेखक हीच कथा उलट बाजूने सांगतात. अनेक वर्षांनी ट्रंकेत पत्र सापडते आणि तिथून गोष्ट सुरू होते. तशी मांडणी करायची तर ते पत्र गेले नव्हते हे सापडणाऱ्याला कशावरून कळले, ते नेमके दाखवावे लागते. आंतरदेशीय पत्रावर तिकीट छापलेलेच असते, त्यामुळे तिकीट असणे हा पुरावा नाही. पुरावा शिक्क्याचा. टपालातून आलेल्या पत्राच्या तिकिटावर टाकलेल्या ठिकाणच्या कचेरीचा तारखेचा शिक्का बसतो, मागे बहुधा पोचलेल्या ठिकाणचाही असतो. तिकीट कोरे, कडा चिकटवलेल्या आणि मुंबईचा पत्ता असलेले पत्र गावच्या घरात, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काही सांगावे लागत नाही. या मांडणीचा तोटा असा की, ठरवणारा माणूस बहुधा हयात नसतो. कथा मग त्याच्याविषयीच्या अंदाजांवर चालते आणि रडण्यावर संपते. हजार शब्दांत तो निर्णय डोळ्यांसमोर घडलेला जास्त चांगला.

शेवटासाठी शिमगा सोयीचा आहे. गणपती हुकलेले वडील शिमग्याला येतात. माजघराच्या भिंतीवर ओघळांचे डाग आहेत, सारवलेल्या जमिनीला दोन ठिकाणी खळगे पडले आहेत. ते विचारतात, “कळवलं का नाही?” आजी चुलीपाशी आहे, ती वळत नाही. प्रश्न नातीवर येतो.

तिने काय करावे? पत्र काढून वडिलांच्या हाती दिले तर आजीने राखलेले सगळे मोडते, आणि हा शेवट फार सोपा आहे. ती गप्प राहिली तर कथा जिथल्या तिथे राहते. वडिलांनी स्वतः पत्र शोधून काढले तर पुन्हा योगायोग आला. चौथी वाट अशी: नात म्हणते, “यंदा शाकारणीला गडी मिळाला नाही.” हे पत्रातले पहिलेच वाक्य आहे. तेवढे ती सांगते आणि तापाचे सांगत नाही. पुढचे वाक्य तिला पाठ आहे हे वाचकाला ठाऊक असते. आजीने जे केले तेच आता मुलगी स्वतः ठरवून करते, आणि तरी पत्राचा एक तुकडा पत्त्यावर पोचतो. कथा या वाक्यावर थांबवावी.

लिहून झाल्यावर शब्द मोजले तर ते बहुधा तेराशेच्या आसपास जातात. कापायची जागा सुरुवातीला असते. गावाचे वर्णन, पावसाचे वर्णन, आजीचा स्वभाव हे सगळे काढून कथा “लिही” या आजीच्या शब्दाने सुरू करता येते. पत्र, कुपन आणि शेवटचा प्रश्न यांना हात लावू नये. अंकासाठी अक्षरजुळणी होताना पत्राचा मजकूर दोन्ही बाजूंनी आत घेऊन छापायला सांगावे, म्हणजे शेवटचे वाक्य वाचताना ते आधी कुठे आले होते हे वाचकाला मागे वळून सापडते. शीर्षकात ‘न पाठवलेले पत्र’ असे शब्द आले तर पोस्टमनच्या प्रश्नाचे उत्तर आधीच कळून जाते. या कथेला ‘शाकारणी’ हे नाव बरे.