पांढरं पुसलं, ठिपके उरले

लाल अक्षरांचा लोगो जेपीईजीत असेल, तर त्याचं पांढरं दिसतं तेवढं शुद्ध नसतं. हा प्रकार चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून बारीक तपशील गाळतो. त्यामुळे अक्षरांलगत २५५ऐवजी २५२, २४७ असे मळकट पांढरे उमटतात. टॉलरन्स शून्य ठेवून पांढरं पुसलं की नेमके तेच ठिपके होऊन उरतात.

फोटोशॉपच्या मॅजिक वाँडमध्ये टॉलरन्स ३०च्या आसपास नेला की बहुतेक ठिपके जातात. फार वाढवला, तर लोगोतला फिका पिवळाही गायब!

कडेची गुलाबी किनार मात्र टॉलरन्सने नीट जात नाही. तिच्यात लाल-पांढरं मिसळलेलं असतं. तिथे डीफ्रिंज एक पिक्सेल पुरतं. तपासायला खाली गडद थर ठेवावा. जतन पीएनजीतच, जेपीईजीत पारदर्शकता टिकत नाही.