सुपर अ‍ॅडमिन नोकरी सोडून गेला, आता मालक कोण?

भोसरीच्या एमआयडीसीतला एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणा. कंपनीच्या डोमेनवर १४ जणांचे मेल आयडी आहेत आणि ते सगळे गूगल वर्कस्पेसवर चालतात. हे सारं काही वर्षांपूर्वी अकाउंट्स सांभाळणाऱ्या एका मुलाने उभं केलं. सुपर अ‍ॅडमिन तोच, एकटाच. तो नोकरी सोडून गेला. मेल चालूच राहतात, त्यामुळे बरेच दिवस कोणाला काही जाणवत नाही. मग नव्या माणसाचा आयडी काढायची वेळ येते आणि कळतं, की admin.google.com उघडू शकेल असा माणूसच कारखान्यात उरलेला नाही. इथून पुढे मालक मंडळी जे बोलतात, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं.

“बिल आम्ही भरतो, म्हणजे खातं आमचंच”

व्यवहारात हे खरं, पण गूगलच्या दारात पुरेसं नाही. वर्कस्पेसचं बिल ज्या पेमेंट प्रोफाइलमधून जातं, तिचे वापरकर्ते वेगळे आणि अ‍ॅडमिनचे अधिकार वेगळे. कार्ड कंपनीचं आहे, म्हणून कार्डधारकाला अ‍ॅडमिन कन्सोल उघडून मिळत नाही. लेटरहेडवर सही-शिक्का मारून पत्र पाठवण्याकडे आपला ओढा असतो, पण त्या पत्रानेही सहसा काम होत नाही. गूगल पाहतं ते एवढंच, की डोमेनच्या डीएनएसमध्ये नोंद करण्याची ताकद तुमच्याकडे आहे का. ती असेल तर तुम्ही मालक. जुन्या पावत्या मात्र फेकू नका, खात्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरं देताना त्या उपयोगी पडतात.

म्हणून पहिलं काम गूगलला फोन लावणं नाही, तर डोमेनची किल्ली शोधणं. ती दोन ठिकाणी असू शकते: डोमेन जिथून विकत घेतलं तो रजिस्ट्रार, आणि डीएनएसच्या नोंदी प्रत्यक्षात जिथे ठेवल्या आहेत ती सेवा. अनेकदा ही दोन्ही एकाच कंपनीकडे असतात, पण नेहमीच नाही. कोणत्याही संगणकावर ही आज्ञा देऊन पाहा, फक्त example.com च्या जागी स्वतःचं डोमेन टाका:

```
nslookup -type=ns example.com
```

उत्तरात येणाऱ्या नेमसर्व्हरच्या नावांवरून नोंदी कोणाकडे आहेत याचा अंदाज येतो. रजिस्ट्रारचं नाव हूइज शोधात दिसतं. नोंदणीधारकाचं नाव तिथे हल्ली बहुधा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार कळला तरी पुरे.

खरी पंचाईत होते ती डोमेनही त्याच मुलाने स्वतःच्या जीमेलवरून, स्वतःच्या नावावर घेतलेलं असेल तेव्हा. तेव्हा रजिस्ट्रारच्या दप्तरी मालक तोच. इथे कंपनीची कागदपत्रं आणि पैसे भरल्याचे पुरावे घेऊन रजिस्ट्रारकडे दाद मागावी लागते, आणि ते काम वर्कस्पेस परत मिळवण्यापेक्षा कितीतरी किचकट आहे. माझा सल्ला साधा आहे: भांडणाआधी त्या मुलाला एक सभ्य फोन करा. बहुतेक जण सोडून जातात, पळून जात नाहीत.

“त्याचा पासवर्ड वहीत आहे, त्यावरच चालवू”

चालेल, पण कुठवर? नव्या संगणकावरून प्रवेश करताना गूगल खात्री करून घेतं आणि ती विचारणा त्याच्या मोबाइलवर जाते. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर पासवर्ड माहीत असूनही आत जाता येत नाही. त्याने १० बॅकअप कोड छापून ऑफिसात ठेवले असतील तर नशीब, पण तसं करणारे विरळाच. शिवाय हुद्दा एकाचा आणि वावर दुसऱ्याचा अशी स्थिती राहिली, तर उद्या एखादी फाइल उडाली की ती कोणी उडवली, हे नोंदींवरून सांगता येणार नाही.

सरळ मार्ग असा. वर्कस्पेस एखाद्या स्थानिक विक्रेत्यामार्फत घेतलं असेल, तर आधी त्याला विचारा. थेट गूगलकडून घेतलं असेल, तर त्या सुपर अ‍ॅडमिनच्या आयडीने साइन-इन पानावर Forgot password? निवडून पाहा. रिकव्हरीसाठी दिलेला फोन किंवा मेल ऑफिसचा निघाला तर काम तिथेच होतं. नाहीतर toolbox.googleapps.com/apps/recovery/form हा अर्ज भरा. संपर्कासाठी अडकलेल्या डोमेनबाहेरचा मेल द्या. गूगल तुम्हाला डीएनएसमध्ये टाकण्यासाठी एक नोंद देतं, बहुधा CNAME किंवा TXT प्रकारची. ती जशीच्या तशी टाकायची आणि वाट पाहायची. कधी ती काही मिनिटांत दिसते, कधी दोन-तीन दिवस जातात.

इथे दोन चुका हमखास होतात. होस्टच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिलं, की कित्येक सेवा डोमेन पुन्हा जोडतात आणि नोंद भलत्याच नावाने तयार होते. मग गूगलला ती सापडत नाही. दुसरी चूक अधिक महागाची: डीएनएसमध्ये शिरता येत नाही म्हणून कोणीतरी रजिस्ट्रारकडे जाऊन नेमसर्व्हरच बदलून टाकतो. जुन्या सगळ्या नोंदी मागेच राहतात. त्यात मेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या MX नोंदीही असतात, आणि १४ जणांचा मेल बंद पडतो. बदलावेच लागले, तर आधी जुन्या नोंदी उतरवून घेऊन नव्या जागी भरा.

“आत शिरलो, आता त्याचा आयडी डिलीट करू”

थांबा. पुन्हा हातात आलेला आयडी त्याचाच आहे, आणि सुपर अ‍ॅडमिन अजूनही तो एकच आहे. पासवर्ड बदलल्यावर लगेच Users मध्ये जाऊन मालकाच्या आयडीला Super Admin ही भूमिका द्या. मग नव्या सुपर अ‍ॅडमिनने साइन-इन करून जुन्याचं काम पाहावं: सगळीकडची सेशन बंद करणं, रिकव्हरीचा फोन आणि मेल काढणं, जोडलेली बाहेरची अ‍ॅप तोडणं, आणि शेवटी त्याची अ‍ॅडमिन भूमिका काढणं. Account settings मधला दुय्यम मेलही बदला, तो बरेचदा विसरला जातो.

डिलीट हे सर्वात शेवटी. आयडी डिलीट केला की त्याच्या ड्राइव्हमधल्या फायलींचं काय करायचं, हे त्याच वेळी ठरवावं लागतं. कोटेशनची शीट त्याच्या मालकीची असेल आणि ती हस्तांतरित केली नाही, तर सगळ्यांसाठीच ती जाते. डिलीट केलेला आयडी २० दिवसांपर्यंत परत आणता येतो, नंतर नाही. त्यामुळे आधी आयडी सस्पेंड करून ठेवा. सस्पेंड केलेल्या आयडीचं शुल्क लागत राहतं, पण माहिती सुरक्षित राहते. फायलींची मालकी हलवली आणि त्याच्या पत्त्यावर येणारे मेल दुसरीकडे वळवले, की मग डिलीट करा.

“कंपनीच्या कामाच्या फायली, म्हणजे अ‍ॅडमिनला मिळतीलच”

त्याने ज्या शीट स्वतःच्या खाजगी जीमेलमधून बनवून ऑफिसला शेअर केल्या, त्या वर्कस्पेसच्या बाहेरच्या. सुपर अ‍ॅडमिनला त्यांची मालकी हलवता येत नाही. उपाय एकच, शेअर तुटण्याआधी कंपनीच्या खात्यात त्यांची प्रत काढून ठेवणं.

ज्यांच्यावर अजून ही वेळ आलेली नाही, त्यांनी आज कन्सोल उघडून सुपर अ‍ॅडमिन किती आहेत ते मोजावं. एकच असेल तर दुसरा करा, आणि तो वेगळ्या माणसाच्या हाती द्या. डोमेनच्या रजिस्ट्रारकडचं खातंही कंपनीच्या नावावर आणि एकाहून अधिक जणांना उघडता येईल असं आहे ना, हे त्याच बैठकीत तपासून घ्या.