वॅटचा हिशेब: टाइम ट्रायलमध्ये जोर कुठे लावायचा?

टाइम ट्रायलमध्ये सायकलपटू एकटाच धावतो. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहता येत नाही की दुसऱ्याच्या वेगाचा अंदाज घेता येत नाही. किती जोर लावायचा हे त्याचं त्यानेच ठरवायचं असतं, आणि सुरुवातीला अंगात उत्साह असताना शरीर हमखास चुकीचा सल्ला देतं. म्हणून हँडलवरच्या छोट्या स्क्रीनवर पॉवर मीटरचे वॅट बघत ही शर्यत खेळली जाते. पायडलवर या क्षणी किती ताकद लागते आहे, ते वॅट सांगतात.

पहिला प्रश्न असतो मर्यादेचा. साधारण तासभर टिकवता येईल अशा ताकदीला थ्रेशोल्ड म्हणतात. ती काढण्यासाठी पूर्ण तास झिजण्याऐवजी बहुतेक जण वीस मिनिटांची चाचणी देतात आणि सरासरीच्या ९५ टक्के धरतात. वीस मिनिटांत २६३ वॅट निघाले, तर थ्रेशोल्ड २५०. पण हा अंदाजच आहे. ज्याच्या पायांत थोडा वेळ जोरात मारण्याची ताकद जास्त, त्याचा आकडा फुगतो. तो फुगवटा उतरवायला चाचणीआधी पाच मिनिटं पूर्ण जोर लावून मग थोडी विश्रांती घेण्याची पद्धत आहे. शिवाय शर्यतीत एरो बारवर वाकून बसायचं असेल, तर चाचणीही तशीच वाकून द्यावी. वाकल्यावर बऱ्याच जणांचे काही वॅट कमी होतात.

दुसरा आकडा नॉर्मलाइज्ड पॉवरचा. अँड्र्यू कॉगन या व्यायामशास्त्रज्ञाने तो रूढ केला. समजा, एकजण पाच मिनिटं ३०० वॅट आणि पाच मिनिटं २०० वॅट असं आलटून पालटून चालवतो. सरासरी २५० येते, पण शरीराला ते सलग २५० पेक्षा जड जातं, कारण जोर वाढतो त्याहून थकवा कितीतरी वेगाने वाढतो. नॉर्मलाइज्ड पॉवर काढताना तीस सेकंदांची फिरती सरासरी घेऊन तिचा चौथा घात करतात, त्या सगळ्याची सरासरी काढून पुन्हा चतुर्थमूळ घेतात. आपल्या गड्याचा आकडा २६४ च्या आसपास येतो. म्हणजे सपाट रस्त्यावर वेग मिळाला २५० चा, किंमत मोजली २६४ ची.

नेमकी इथेच गल्लत होते. नॉर्मलाइज्ड पॉवर जास्त दिसली की आपण भारी चालवलं असं वाटतं. पण तो आकडा शरीराचा खर्च दाखवतो, घड्याळावरची कमाई नाही. दोन्हींतलं अंतर जितकं कमी, तितकं चांगलं.

मग सतत २५० च धरायचे का? वारा नसलेल्या सपाट रस्त्यावर, हो. पण समजा रस्ता वीस किलोमीटरचा आहे: जाताना ताशी अकरा किलोमीटरचा वारा तोंडावर, येताना पाठीवर. नेहमीच्या वजनाच्या आणि वाकून बसलेल्या सायकलपटूचं गणित मांडलं, तर सलग २५० वॅटने जाताना सुमारे साडेसतरा मिनिटं लागतात, येताना साडेबारा. आता जाताना २६० आणि येताना २३६ धरा. जाताना सुमारे सतरा सेकंद वाचतात, येताना चौदा जातात. सरासरी तीच राहते, नॉर्मलाइज्ड पॉवर जेमतेम एका वॅटने वाढते आणि तीन-चार सेकंद पदरात पडतात. कारण उघड आहे: जिथे वेग कमी, तिथे आपण जास्त वेळ असतो, म्हणून तिथला प्रत्येक वॅट जास्त काळ कामी येतो. चढ असेल तरी हेच तत्त्व.

फायदा एवढासाच आहे, म्हणून लोभ नको. वाऱ्याविरुद्ध ३०० मारले, तर परतताना पायच उरत नाहीत. पहिली दोन मिनिटं कितीही सोपं वाटलं तरी २५० च्या वर जायचं नाही, आणि वळसा घेताना लॅपचं बटण दाबायचं, म्हणजे दोन्ही टप्प्यांची सरासरी वेगवेगळी दिसते. क्षणाक्षणाचा आकडा सारखा नाचत असतो, त्यामुळे स्क्रीनवर लॅपची सरासरी ठेवलेली बरी.

शर्यतीनंतर फाइल उघडली की चूक कुठे झाली ते कळतं. नॉर्मलाइज्ड पॉवरला सरासरीने भागून १.०१ आलं, तर जोर एकसारखा होता. १.०५ आलं, तर तो उधळला गेला आणि सराव वेग सांभाळण्याचा करायला हवा. पण जोर ठरल्याप्रमाणे लावूनही शेवटच्या दहा मिनिटांत वॅट हळूहळू घसरत गेले असतील, तर एक तर त्या दिवशीचं ऊन भोवलं, नाहीतर २५० हा थ्रेशोल्डच जास्त धरला गेला. ऊन नसेल, तर पुढच्या शर्यतीआधी चाचणी नव्याने द्यावी.