हातासरशी एवढं करून टाक

घराला रंग द्यायला काढला की तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतंच, “माणसं आलीच आहेत, तर हातासरशी बाल्कनीची जाळीही बसवून घेऊ.” सॉफ्टवेअरच्या कामातही हेच चालतं. तिथे त्याला ‘स्कोप क्रीप’ म्हणतात, म्हणजे ठरलेल्या कामाची हद्द नकळत पसरत जाणं. ते वेळेवर ओळखणं अवघड असतं, कारण प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर रास्तच वाटते.

आमच्या टीमचं उदाहरण सांगतो. आम्ही एका ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. बऱ्याच टीमसारखं आमचं कामही दोन आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’मध्ये चाले. सोमवारी सकाळी बसून कुठली कामं घ्यायची ते ठरवायचं. प्रत्येक कामाचं एक तिकीट, म्हणजे संगणकावरची एक नोंद. त्यावर ते काम किती जड आहे याचा अंदाज पॉइंटमध्ये लिहायचा. त्या वेळी आम्ही 14 तिकिटं घेतली, एकूण 40 पॉइंट. उद्दिष्ट एकच होतं: ग्राहकाने वस्तू परत केली की त्याचे पैसे आपोआप त्याच्या खात्यात जावेत.

दहा दिवसांनी 38 पॉइंट पूर्ण झाले होते. ठरलेले 40, झालेले 38. बैठकीत सगळे खूश होते. पण पैसे काही परत जात नव्हते.

हे कोडं सोडवायला दोन याद्या शेजारी ठेवाव्या लागल्या. एक सोमवारची, दुसरी शेवटच्या शुक्रवारची. आमच्या सुदैवाने सोमवारची यादी एका सहकारणीने सवयीने फाइलमध्ये उतरवून ठेवली होती. ती नसती तर काहीच कळलं नसतं, कारण बोर्डवर आजची स्थिती दिसते, सोमवारची नाही. तिकिटांचे क्रमांक दोन फाइलींत क्रमाने लावले की पुढचं काम दोन ओळींचं आहे:

```
comm -13 plan.txt now.txt
comm -23 plan.txt now.txt
```

पहिली ओळ नंतर आलेली तिकिटं दाखवते, दुसरी गळलेली. सहा तिकिटं आत आली होती, 14 पॉइंटची. दोन बाहेर गेली होती, 5 पॉइंटची. शिवाय दोन्ही याद्यांत असलेल्या एका तिकिटाचे पॉइंट 3 वरून 8 झाले होते. म्हणजे 40 चं काम 54 चं झालं होतं.

आता त्या 38 कडे पुन्हा पाहा. त्यातले 12 पॉइंट नव्या तिकिटांचे होते. उरलेल्या 26 मध्ये त्या फुगलेल्या तिकिटाचे 8 होते, जे मुळात 3 धरले होते. सोमवारच्या अंदाजाने मोजलं तर मूळ योजनेतले फक्त 21 पॉइंट झाले होते. 40 पैकी 21. टीम दहा दिवस राबली होती आणि ठरलेलं काम निम्म्यावर होतं.

म्हणून मी आवर्जून सांगतो, आत आलेलं आणि बाहेर गेलेलं वेगवेगळं मोजा. दोन्हींची वजाबाकी करून एकच आकडा ठेवला, तर दहा पॉइंट आत आणि दहा बाहेर असा स्प्रिंट कागदावर जसाच्या तसा दिसतो. आमच्याकडे बाहेर गेलेली दोन्ही तिकिटं पैसे परत करण्याच्याच कामातली होती. जागा झाली ती उद्दिष्टाचा घास काढून.

यादी मिळाली म्हणजे स्कोप क्रीप सापडली असं मात्र नाही. सहाही तिकिटं उघडून ‘हे कोणी मागितलं आणि का’ हे पाहावं लागलं. दोन चालू साइटवरचे बिघाड होते, 4 पॉइंटचे. ते थांबवून चाललं नसतं. एक 2 पॉइंटचं काम आम्हीच योजनेत विसरलो होतो: चाचणीसाठी बँकेचं खोटं खातं उघडून घेणं. ती नियोजनातली चूक होती, हद्द पसरणं नव्हे. उरलेली तीन, 8 पॉइंटची, मागण्या होत्या. त्यातली सर्वांत मोठी सेल्सकडून आली होती: “तुम्ही ऑर्डरच्या पानावर काम करतच आहात ना, मग हातासरशी एक रिपोर्टही देऊन टाका, गुरुवारी डेमो आहे.” हे 8 आणि फुगलेल्या तिकिटाचे 5 मिळून खरा पसारा 13 पॉइंटचा.

जिरासारख्या साधनात ही तुलना काही प्रमाणात आयती मिळते. त्याच्या स्प्रिंट रिपोर्टमध्ये नंतर घातलेल्या तिकिटापुढे तारांकन असतं. पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. साधनाच्या लेखी स्प्रिंट सुरू होतो तो सुरू करण्याचं बटण दाबल्यावर. योजना सोमवारी सकाळी ठरली आणि बटण मंगळवारी संध्याकाळी दाबलं, तर मधल्या दीड दिवसात शिरलेली तिकिटं मूळ योजनेतलीच मानली जातात. उलटही होतं. 8 पॉइंटचं एक तिकीट सोयीसाठी 5 आणि 3 असं फोडलं, की त्यातलं 3 चं नवं म्हणून दिसतं. काम तेवढंच असतं, वाढलेली असते फक्त कागदपत्रं.

आणखी एक चूक मी बऱ्याच जणांना करताना पाहिली आहे. ते तिकीट तयार झाल्याची तारीख पाहतात आणि स्प्रिंटच्या आधीची असेल तर सोडून देतात. पण चार महिन्यांपूर्वी लिहून बाजूला पडलेलं तिकीटही पाचव्या दिवशी कोणीतरी ओढून आत आणू शकतं. पाहायची ती स्प्रिंटमध्ये शिरल्याची तारीख, आणि ती तिकिटाच्या इतिहासात वेळेसकट नोंदलेली असते.

त्याच इतिहासात आम्हाला त्या फुगलेल्या तिकिटाचं उत्तरही सापडलं. सोमवारी त्यात ‘काम पूर्ण कधी मानायचं’ या शीर्षकाखाली तीन ओळी होत्या. गुरुवारपर्यंत त्या सात झाल्या होत्या. अर्धीच वस्तू परत केली तर काय, कूपन वापरलं असेल तर काय, असं एकेक वाढत गेलेलं. इथे निदान पॉइंट बदलले म्हणून खूण उरली. ओळी वाढल्या आणि पॉइंट तेच ठेवले, तर क्रमांकांच्या तुलनेत ते तिकीट अगदी निर्दोष दिसतं. तेव्हापासून आम्ही सोमवारी क्रमांक आणि पॉइंटांबरोबर या ओळीही उतरवून ठेवू लागलो.

सोबत एक नियम केला. बिघाड सोडून जो कोणी मध्येच तिकीट घालेल, त्याने त्या बदल्यात कुठलं बाहेर जाणार ते प्रॉडक्ट ओनरशी बोलून तिथेच लिहायचं. स्क्रमची पद्धतही याच्या आड येत नाही. स्प्रिंट चालू असताना कामावर पुन्हा बोलणी करायला त्यात मुभा आहे, फक्त उद्दिष्टाला धक्का लागता कामा नये. बिघाडांना चार-पाच पॉइंट लागतातच हे मागच्या याद्यांवरून दिसत होतं, म्हणून पुढच्या वेळी योजनाच 35 ची केली.

तरी एक गोष्ट कुठल्याच यादीत येत नव्हती. रोज सकाळच्या उभ्या बैठकीत आम्ही एक प्रश्न वाढवला: काल तिकिटाबाहेरचं काय केलं? पहिल्या दिवशी सगळे गप्प होते. दुसऱ्या दिवशी टीममधला सर्वांत नवा मुलगा म्हणाला, की तो तीन आठवडे रोज तासभर अकाउंट्सच्या मॅडमना एक्सेल काढून देतो आहे. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, आणि त्याला वाटलं होतं, एवढ्यासाठी तिकीट कशाला.