खोडलेली नोंद, न खोडलेल्या प्रती

३० सप्टेंबर २०२१ रोजी स्लॅकच्या अभियंत्यांनी slack.com या नावाबद्दलची एक नोंद मागे घेतली. कार्यालयीन संवादासाठी जगभर वापरलं जाणारं हे अ‍ॅप. नावासाठी एक नवी सुरक्षा व्यवस्था सुरू करताच काही जणांना अडचणी येऊ लागल्या होत्या. ती बंद केली की सारं पूर्ववत होईल, असा त्यांचा हिशेब होता. पण अडचण मिटली नाही. वापरणाऱ्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी लोकांना, पण तब्बल चोवीस तासांपर्यंत, स्लॅक उघडेना. चूक दुरुस्त झाली होती. तिच्या प्रती मात्र जगभर शिल्लक होत्या.

आपण ब्राउझरमध्ये एखादं नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता शोधावा लागतो. हे काम डीएनएस करते. प्रत्येक वेळी मूळ सर्व्हरपर्यंत जाणं वेळखाऊ, म्हणून आपल्या इंटरनेट कंपनीचा ‘रिझॉल्व्हर’ उत्तर एकदा आणतो आणि जपून ठेवतो. हीच कॅश. तिच्यात नाव आणि पत्ता तर असतोच, शिवाय नोंदीची मुदतही असते. तिला टीटीएल म्हणतात. ती नावाचा मालक सेकंदांत ठरवतो. `dig` ही आज्ञा थोड्या वेळाने पुन्हा चालवली, तर ही मुदत उतरताना दिसते:

```
example.com.  3600  IN  A  192.0.2.10
example.com.  2412  IN  A  192.0.2.10
```

दुसऱ्या ओळीतली प्रत आणखी २४१२ सेकंद खरी मानली जाईल. तेवढ्यात मूळ पत्ता बदलला तरी या प्रतीला ते कळण्याची सोय नाही. समजा, मुदत ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस आहे आणि तुम्ही सकाळी दहाला सर्व्हर बदललात. ज्या रिझॉल्व्हरने ९.५९ ला उत्तर नेलं, तो दुसऱ्या दिवशी ९.५९ पर्यंत लोकांना जुन्या सर्व्हरकडेच पाठवेल. दहा वाजता मुदत कमी करूनही उपयोग नाही, कारण त्याच्याकडच्या प्रतीवर जुनीच मुदत आहे. म्हणून जाणकार निदान एक दिवस आधी मुदत ३०० सेकंदांवर आणतात, जुन्या प्रती संपू देतात, मग पत्ता बदलतात आणि त्यानंतरही जुना सर्व्हर काही काळ चालू ठेवतात.

मग बदल होताच सगळ्यांना ‘जुनी प्रत पुसा’ असं का कळवत नाहीत? कारण प्रत कोणाकोणाकडे आहे याची यादी कुठेच नसते. रिझॉल्व्हर उत्तर नेतो, पण मालकाच्या दप्तरी त्याची नोंद होत नाही.

यादी असती तरी खरी मेख पुढे आहे. एका रिझॉल्व्हरने पत्ता विचारला, मूळ सर्व्हरने जुना पत्ता पाठवला आणि ते उत्तर वाटेत आहे. इतक्यात पत्ता बदलतो आणि पुसण्याचा निरोप त्या उत्तराच्या आधी पोहोचतो. रिझॉल्व्हर पाहतो, तर पुसण्याजोगं काहीच नाही. क्षणभराने जुनं उत्तर येतं आणि पूर्ण मुदतीसह कॅशमध्ये बसतं. निरोप पोहोचला, पाळलाही गेला, तरी शिळी प्रत टिकली. डेटाबेसपुढे स्वतःची कॅश ठेवणाऱ्या कंपन्यांनाही हाच पेच सोडवावा लागतो, आणि तिथे तर दोन्ही बाजू त्यांच्याच ताब्यात असतात. हा दोष चाचणीत सहसा सापडत नाही, कारण तो काही मिलिसेकंदांच्या योगायोगावर अवलंबून असतो.

स्लॅकच्या बाबतीत गुंता आणखी एका कारणाने वाढला. सुरक्षा व्यवस्थेची ‘डीएस’ ही नोंद .com च्या यादीत असते. ‘या नावाची उत्तरं सहीनिशी येतील, सही तपासूनच स्वीकारा’ असं ती सांगते. तिची चोवीस तासांची मुदत .com कडून ठरते. स्लॅकच्या हाती ती नव्हती. स्लॅकने डीएस काढली आणि आपल्या उत्तरांवर सही करणंही थांबवलं. पण ज्यांच्या कॅशमध्ये डीएस उरली होती ते सही मागत राहिले. बिनसहीचं उत्तर त्यांनी बनावट मानून नाकारलं, आणि ते नियमाला धरूनच होतं. क्रम असा हवा होता: आधी डीएस काढायची, तिच्या प्रती संपेपर्यंत सही चालू ठेवायची, मगच ती थांबवायची. घाईच्या वेळी, अ‍ॅप बंद पडलेलं असताना, एक दिवस थांबण्याचा निर्णय किती अवघड असेल, हे समजण्यासारखं आहे.

शेवटी त्यांनी मोठे रिझॉल्व्हर चालवणाऱ्यांना आपापली कॅश पुसण्याची विनंती केली. गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून एखाद्या नावाची नोंद पुसण्यासाठी तर वेबपानंच आहेत, कोणीही ती वापरू शकतो. पण त्या पानाने पुसली जाते ती त्या एकाच कंपनीकडची प्रत. गावोगावच्या इंटरनेट कंपन्यांच्या रिझॉल्व्हरमध्ये बसलेल्या प्रती कोणी हाताने पुसल्या नाहीत, तर त्या मुदत भरेपर्यंत तशाच राहतात.