दहा टक्क्यांची रेघ कुणाला पकडते?

दवाखान्याच्या बिलाने घराची घडी विस्कटली, हे सर्वेक्षणात ओळखायचे कसे? विम्यातून परत मिळालेले पैसे वजा करून कुटुंबाने वर्षभरात खिशातून भरलेला आरोग्यखर्च काढायचा आणि त्याला एकूण घरखर्चाने भागायचे, ही रूढ पद्धत. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत यासाठी 10 आणि 25 टक्के अशा दोन मर्यादा ठरल्या होत्या.

अडचण आधी आरोग्यखर्च मोजण्यातच येते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75व्या फेरीत (2017-18) रुग्णालयात भरती झाल्याचा खर्च मागच्या 365 दिवसांचा विचारला, बाकीच्या उपचारांचा मात्र 15 दिवसांचा. वर्षाचा आकडा हवा तर दुसऱ्याला 24 ने गुणावे लागते. सगळ्या नमुन्याची सरासरी त्याने ठीक येते. पण ज्या घरात नेमका त्याच पंधरवड्यात ताप आला, ते वर्षभर आजारी ठरते आणि मर्यादा ओलांडणाऱ्यांची संख्या फुगते.

आता एक काल्पनिक घर घेऊ. महिन्याचा खर्च 12,000 रुपये, त्यातले 8,500 अन्नावर. वर्षभराचा आरोग्यखर्च 18,000, म्हणजे एकूण खर्चाच्या साडेबारा टक्के. दुसऱ्या घराचा महिन्याचा खर्च 50,000, अन्नावर 15,000, आरोग्यावर वर्षाला 75,000. इथेही साडेबाराच टक्के! दहा टक्क्यांच्या रेघेला दोन्ही घरे सारखीच दिसतात.

म्हणून दुसरी पद्धत अन्नखर्च आधी बाजूला काढते आणि उरलेल्या रकमेच्या 40 टक्क्यांवर रेघ ओढते. पहिल्या घराचा आरोग्यखर्च या हिशेबाने सुमारे 43 टक्के होतो, दुसऱ्याचा 18. फरक उघड होतो. पण पहिल्या घराने औषधांसाठी खाणे कमी केले, अन्नखर्च 7,000 वर आणला आणि एकूण खर्च तेवढाच राहिला, तर आकडा 30 टक्क्यांवर येतो. पोट मारून उपचार केलेले घर यादीतून सुटते. हे मला कुठल्याही गणिती त्रुटीपेक्षा गंभीर वाटते. त्यामुळे घराने प्रत्यक्ष केलेला अन्नखर्च नव्हे, तर कुटुंबाच्या आकारानुसार ठरवलेला किमान अन्नखर्च वजा करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत तसेच करतात.

मग 40च का? या आकड्यामागे निसर्गनियम नाही, तो संकेत आहे. म्हणून मर्यादा आकडे पाहण्याआधी जाहीर करावी आणि 20, 30 टक्क्यांवरचे निष्कर्षही शेजारी द्यावेत. त्याच सर्वेक्षणात भरतीचे पैसे बचतीतून आले, कर्जातून की मालमत्ता विकून, हेही विचारलेले असते. रेघेच्या वरच्या घरांत कर्ज आणि विक्री खालच्या घरांपेक्षा ठळकपणे जास्त दिसली, तर मर्यादेला आधार मिळतो. ती दिसली नाही, तर रेघ चुकीच्या जागी आहे. पैशांअभावी दवाखान्यात गेलेच नाहीत, त्यांचा खर्च मात्र प्रत्येक रेघेवर शून्यच नोंदला जातो. उपचार टाळल्याचे कारण विचारणाऱ्या प्रश्नाची उत्तरे म्हणूनच याच तक्त्यात हवीत.